पहिला शिक्का आपला असतो : विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना खुले पत्र

प्रति,
संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : परदेशी नोकरीसाठी होणारी पदवी प्रमाणपत्रांची पडताळणी

सन्माननीय महोदय / महोदया,

परदेशात नोकरीला निघालेल्यांची कागदपत्रे तयार करून देणे हे माझे रोजचे काम आहे. आपल्या विभागाच्या खिडकीशी माझा संबंध जुना आहे आणि तिथल्या मंडळींवर निकालाचा, पुनर्मूल्यांकनाचा, छायाप्रतींचा किती बोजा असतो हे मी पाहतो. त्या ढिगात 'पदवी पडताळणी'चा अर्ज सर्वांत खाली राहतो, कारण तो कोणाच्याच तक्रारीचा विषय नसतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती निकाल लांबल्याची. एखाद्या मुलाचा व्हिसा पडताळणीअभावी हुकला तर त्याची बातमी होत नाही. म्हणून हे पत्र.

परदेशात कागद चालावा म्हणून त्यावर एकामागून एक कार्यालयांचे शिक्के घेण्याच्या, म्हणजे अटेस्टेशनच्या, सगळ्या प्रवासात पदवी खरी आहे की नाही हे तपासणारे ठिकाण एकच आहे, आणि ते म्हणजे आपले कार्यालय. पुढचे सगळे शिक्के आपल्या शिक्क्याच्या भरवशावर बसतात. हे आपल्या विभागातल्या अनेकांना कोणी कधी सांगितलेलेच नाही, असे मला खिडकीवर बोलताना जाणवते. 'दिल्लीला जाणार आहे ना कागद, मग तिथे बघतीलच की' हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे. दिल्लीत ते बघत नाहीत. बघण्याची त्यांच्याकडे सोयही नाही.

साधारण क्रम असा असतो. उमेदवाराकडे पदवीदान समारंभानंतर मिळालेले मूळ प्रमाणपत्र हवे. तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर बहुतेक ठिकाणी काम होत नाही. ते मूळ प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका घेऊन तो प्रथम आपल्याकडे येतो. आपण नोंदवहीशी ताडून पाहता आणि प्रमाणपत्राच्या पाठीमागे शिक्का मारून सही करता, नाहीतर पाकीटबंद पत्र देता. पद्धत विद्यापीठागणिक वेगळी आहे. तिथून कागद जातो राज्य शासनाने या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. या टप्प्याला आमच्या धंद्यात अजूनही 'एचआरडी' म्हणतात. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, म्हणजे 'एमईए'. तिथे कागद नेमून दिलेल्या संस्थांमार्फत स्वीकारले जातात आणि 2019 पासून हे काम दिल्लीबरोबरच देशातल्या काही शहरांतल्या शाखा सचिवालयांत आणि पासपोर्ट कार्यालयांतही होते. मंत्रालयानंतर ज्या देशात जायचे त्या देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. आणि माणूस तिथे पोहोचला, किंवा कंपनीने कागद आधी मागवून घेतला, की त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का.

हा लांबचा रस्ता झाला. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत इथे जाणाऱ्याला तो चालावा लागतो, कारण हे देश हेग येथे 5 ऑक्टोबर 1961 रोजी झालेल्या करारात नाहीत. जे देश करारात आहेत त्यांच्यासाठी मंत्रालयापाशीच रस्ता संपतो. तिथे साध्या साक्षांकनाऐवजी अपोस्टिल, म्हणजे करारात ठरलेल्या नमुन्याचे प्रमाणपत्र, लावतात आणि मग दूतावासाकडे जावे लागत नाही. भारताच्या बाबतीत हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. ओमान आणि बहारीन करारात आहेत. सौदी अरेबियात तो 7 डिसेंबर 2022 पासून लागू झाला. सौदीला जाणाऱ्याला आजही काही एजंट जुन्या सवयीने दूतावासाचा रस्ता दाखवतात, तेव्हा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे हे बरे. उलटही होते. नव्याने करारात येणाऱ्या देशाबद्दल आधीच्या सदस्याला हरकत घेता येते आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारताबद्दल अशी हरकत जर्मनीने नोंदवली होती, त्यामुळे जर्मनीला जाणाऱ्याने 'दोन्ही देश यादीत आहेत, म्हणजे अपोस्टिल चालेल' असे गृहीत धरू नये.

आता प्रत्येक टेबलावर नेमके काय तपासले जाते ते पाहू, कारण माझे म्हणणे तिथेच आहे.

राज्याच्या अधिकाऱ्यापुढे आपल्या विद्यापीठाचा कागद येतो तेव्हा तो पाठीमागची सही पाहतो. ही सही अमुक उपकुलसचिवांची आहे का, त्यांना ती करण्याचा अधिकार आहे का, शिक्का विद्यापीठाचा आहे का. त्याच्या फायलीत आपण पाठवलेल्या नमुना सह्या असतात आणि त्यांच्याशी तो ताडून पाहतो. परराष्ट्र मंत्रालयातला अधिकारी राज्याच्या अधिकाऱ्याची सही पाहतो. दूतावास मंत्रालयाच्या अधिकाऱ्याची सही पाहतो. परदेशातले मंत्रालय स्वतःच्याच दूतावासाची सही पाहते. म्हणजे प्रत्येक जण फक्त आपल्या लगेच मागच्या माणसाला ओळखतो. विद्यार्थ्याला, त्याच्या कॉलेजला, त्याच्या गुणांना ओळखणारा या रांगेत आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

अपोस्टिलचेही तेच. तो किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन असतो, वर फ्रेंच मथळा, खाली दहा क्रमांकित रकाने. पाहणाऱ्याला वाटते की भारत सरकारने पदवी खरी असल्याची हमी दिली. करारात मात्र स्पष्ट लिहिले आहे की अपोस्टिल तीनच गोष्टी सांगते : सही खरी आहे, सही करणाऱ्याने कोणत्या अधिकारात ती केली, आणि शिक्का कोणाचा आहे. कागदात लिहिलेला मजकूर खरा की खोटा याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. परदेशातल्या मनुष्यबळ विभागांनाही हे ठाऊक नसते, पण ते वेगळ्या पत्राचे काम.

या रचनेतली मोठी फट नोटरीपाशी आहे. समजा एखाद्याने घरी बसून पदवी छापली, तिची छायाप्रत काढली आणि नोटरीकडून 'मूळ पाहून खरी प्रत' असा शेरा घेतला. आता नोटरीचा शेरा हा सार्वजनिक दस्तऐवज झाला. त्या शेऱ्यावर अपोस्टिल बसले तर ते खोटे अपोस्टिल नसेल. नोटरीची सही खरीच आहे. खोटी आहे ती खालची पदवी, आणि तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नाही. शैक्षणिक कागदासाठी परराष्ट्र मंत्रालय आधी राज्याचे साक्षांकन मागते ते ही फट बुजवण्यासाठी, आणि राज्याचा अधिकारी आपली पडताळणी मागतो तोही त्याचसाठी. नोटरी आणि दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याची सही असा एक जवळचा रस्ता बाजारात 'एसडीएम' नावाने विकला जातो. शैक्षणिक कागदासाठी काही दूतावास तो मान्य करत नाहीत. एजंट मात्र हे बहुतेक वेळा पैसे घेतल्यावर सांगतो.

एक प्रकरण तपशिलात सांगतो, म्हणजे आपल्या टेबलावर काय घडते आणि पुढे त्याचे काय होते ते नीट दिसेल. विद्यापीठाचे नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकते.

मुलगा यंत्र अभियांत्रिकीचा. आधी पदविका, मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, मग पदवी. कतारमधल्या एका कंत्राटदार कंपनीत देखभाल अभियंता म्हणून निवड झाली. कंपनीने पदवी साक्षांकित करून मागितली. पदविका मागितली नाही. मी त्याला पदविकेचेही काम सोबत सुरू करायला सांगितले, कारण पदवी तीन वर्षांची का, हा प्रश्न पुढे कोणीतरी विचारतोच आणि त्याचे उत्तर पदविकेत असते. पदविका तंत्रशिक्षण मंडळाची, त्यामुळे तिची पडताळणी मंडळाकडे; पदवीची विद्यापीठाकडे. दोन कागद, दोन वेगळ्या खिडक्या, आणि राज्याच्या टेबलावर जाऊन दोन्ही एकत्र.

विद्यापीठात अर्ज दिला. पहिला शेरा आला, 'अभिलेख आढळत नाही'. झाले होते असे की मुलाचा एक विषय राहिला होता आणि तो त्याने पुढच्या सत्रात सोडवला. अर्जावर त्याने परीक्षेचा महिना लिहिला होता आठव्या सत्राचा, म्हणजे उन्हाळी परीक्षेचा. पदवी मिळाली होती ती हिवाळी परीक्षेवर. लिपिकाने उन्हाळी निकालाचे रजिस्टर उघडले आणि नाव सापडले नाही. यात लिपिकाचा दोष मी काढत नाही. आपला अर्जाचा नमुना 'उत्तीर्ण झाल्याचे वर्ष' एवढेच विचारतो. त्याच्या जागी 'शेवटचा विषय कोणत्या परीक्षेत सुटला, त्या परीक्षेचा बैठक क्रमांक आणि कायम नोंदणी क्रमांक' एवढे विचारले असते तर पहिल्याच खेपेत काम झाले असते. सगळे विषय एकदम न सुटलेली मुले किती असतात हे आपणाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसऱ्यांदा अर्ज केला, नोंद सापडली, पाठीमागे शिक्का बसला, सही झाली. कागद राज्याच्या टेबलावर गेला आणि परत आला. कारण : सही नमुन्याशी जुळत नाही. सही खरीच होती. ती करणारे उपकुलसचिव नुकतेच त्या पदावर आले होते आणि त्यांची नमुना सही विद्यापीठाकडून पाठवलीच गेली नव्हती. आधीच्या अधिकाऱ्यांची सही फायलीत होती, पण ते निवृत्त झाले होते. राज्याच्या अधिकाऱ्याने नियमाने योग्य तेच केले. विद्यापीठातून नमुना सहीचे पत्र जाईपर्यंत कागद अडकून राहिला आणि इकडे कंपनी रोज विचारत राहिली की इतर राज्यांतल्या मुलांचे झाले, तुमचे का होत नाही.

पत्र गेले, राज्याचा शिक्का मिळाला. तिथून पुढे मंत्रालयाचा स्टिकर, मग कतारच्या दूतावासाचा शिक्का, आणि दोह्यात पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. हे सगळे कोणताही प्रश्न न येता झाले. सगळा वेळ गेला तो आपल्या आणि राज्याच्या टेबलांच्या मधल्या जागेत. माझा अनुभव असा की हे अपवादाने होत नाही. दिल्ली आणि दूतावास यांच्या नावाने बोटे मोडली जातात, पण तिथला वेळ बहुतांशी ठरलेला असतो. न ठरलेला वेळ पहिल्या टप्प्यातच असतो.

या मुलाची गोष्ट थोडी पुढे सांगायला हवी. काही वर्षांनी त्याला ओमानमध्ये काम मिळाले आणि त्याला वाटले, आता पुन्हा पहिल्यापासून. तसे नव्हते. विद्यापीठाचा आणि राज्याचा शिक्का देशासाठी नसतो, कागदासाठी असतो. तो तसाच कामी येतो. बदलला तो फक्त मंत्रालयाचा टप्पा, कारण ओमानसाठी अपोस्टिल हवे होते आणि पाठीवर होते ते कतारसाठीचे साधे साक्षांकन. आपण एकदा नीट केलेली पडताळणी त्या माणसाला नोकरीच्या पुढच्या बदलांनाही पुरते. म्हणून तिला इतके महत्त्व आहे, आणि म्हणूनच ती पाकिटातल्या पत्रावर देण्याऐवजी प्रमाणपत्राच्या पाठीवर द्यावी असे माझे मत आहे. पत्र हरवते, किंवा पहिल्याच टेबलावर फोडून फायलीला लागते. पाठीवरचा शिक्का कागदाबरोबर फिरतो.

पाठीवर शिक्का मारायचा तर पाठ मोकळी हवी. काही विद्यापीठांची प्रमाणपत्रे पाठीमागेही छापील असतात, सूचना, पाणचिन्ह, नक्षी वगैरे. चार-पाच कार्यालयांचे शिक्के आणि एक स्टिकर कुठे बसणार याचा विचार छपाईच्या वेळी कोणी केलेला नसतो. आणि लॅमिनेशन! मुलाचे प्रमाणपत्र घरी आले की वडील प्रेमाने ते लॅमिनेट करून आणतात. त्यावर शाई बसत नाही आणि प्लास्टिक सोलायला गेले की कागदाचा वरचा पापुद्रा सहीसकट निघून येतो. मग द्वितीय प्रतीचा अर्ज. प्रमाणपत्रासोबत जाणाऱ्या पाकिटावर 'लॅमिनेट करू नये' एवढे ठळक छापले तर दरवर्षी कितीतरी जणांचा त्रास वाचेल.

नमुना सह्यांबद्दल थोडे अधिक. आपल्याकडे कुलगुरूंची मुदत संपते, नवे येईपर्यंत प्रभारी असतात, आणि पदवीदान समारंभ नेमका त्या काळात येतो. त्या वर्षीच्या सगळ्या प्रमाणपत्रांवर प्रभारी कुलगुरूंची सही असते. दहा वर्षांनी परदेशातला एखादा तपासनीस त्या वर्षाच्या आणि आधीच्या वर्षाच्या प्रमाणपत्रांवर दोन वेगळ्या सह्या पाहतो आणि थांबतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाची सही प्रमाणपत्रावर असू शकते, याची यादी विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर ठेवायला काहीच हरकत नसावी; सहीचा नमुना नको, नाव, पद आणि कालावधी पुरे. नमुना सही मात्र नवा अधिकारी रुजू होतो त्याच दिवशी राज्याकडे गेली पाहिजे. बँकेत खात्यावरचा अधिकारी बदलला की त्याच दिवशी सह्यांचे कार्ड बदलतात, तसे. आत्ता हे पत्र जाते ते एखादा कागद परत आल्यावर.

विद्यापीठांची हद्द आणि नावे बदलली त्याचाही गुंता आहे. जळगावचे विद्यापीठ 1990 मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळे झाले आणि 2018 मध्ये त्याचे नाव बदलले. सोलापूरचे 2004 मध्ये, गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये. पुणे विद्यापीठाचेच नाव 2014 मध्ये बदलले. वैद्यकीय आणि शुश्रूषा अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये नाशिकला आले. त्याआधीच्या पदव्या जुन्या विद्यापीठांच्या. आता एखाद्या माणसाने 1988 मध्ये जळगावच्या कॉलेजातून पदवी घेतली असेल तर त्याने पडताळणीला कुठे जायचे? पुण्याला. पण तो आधी जळगावला जातो, कारण कॉलेज आज त्या विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि तिथे त्याला 'आमच्याकडे नोंद नाही' एवढेच उत्तर मिळते. 'आपली पदवी अमुक विद्यापीठाची, तिकडे जा' हे वाक्य त्या खिडकीवर चिकटवायला हवे. आणि नाव बदललेल्या विद्यापीठांनी, 'पूर्वीचे नाव अमुक, बदल अमुक तारखेपासून, दोन्ही संस्था एकच' असे एक सर्वसाधारण पत्र तयार ठेवावे. परदेशातला तपासनीस प्रमाणपत्रावर एक नाव पाहतो आणि पडताळणीच्या शिक्क्यावर दुसरे. त्याला आपला इतिहास ठाऊक नसतो.

विद्यार्थ्याच्या नावाचा घोळ आपल्या राज्याचा खास आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी आईचे नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव-वडिलांचे नाव दुसऱ्या. अरबी देशातला कारकून चार शब्द पाहतो आणि शेवटच्या शब्दाला कुटुंबाचे नाव समजतो, म्हणजे मुलाच्या आईचे नाव त्याचे आडनाव होऊन बसते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा प्रश्न याच्याही वरचा. याला इलाज साधा आहे : पडताळणीच्या शेऱ्यात पासपोर्टप्रमाणे नाव आणि प्रमाणपत्राप्रमाणे नाव अशी दोन्ही लिहून 'ही एकच व्यक्ती' असे नोंदवणे. पण हे करायला आपल्या लिपिकाला अधिकार आणि नमुना दोन्ही द्यावे लागतील. आज तो म्हणतो, प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्र आणा. नावातला शब्द बदलला असेल तिथे ते बरोबरच. शब्दांचा फक्त क्रम बदलला असेल तिथे तो निव्वळ हेलपाटा.

आता ईमेल. परिचारिका, डॉक्टर, फार्मासिस्ट, तंत्रज्ञ यांच्यासाठी आखाती देशांतल्या परवाना मंडळांना शिक्क्यांची साखळी पुरत नाही. ती मंडळे नेमलेल्या पडताळणी कंपनीमार्फत थेट आपल्याला विचारतात : ही व्यक्ती, हा अभ्यासक्रम, हा कालावधी, हे बरोबर आहे का? कागद कितीही शिक्क्यांनी भरलेला असला तरी हे विचारले जातेच, कारण खोट्या पदवीवरही खरे शिक्के बसू शकतात हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याकडून उत्तर गेले नाही तर अहवालात 'पडताळणी होऊ शकली नाही' असे लिहिले जाते आणि परवान्याचे काम तिथेच थांबते. काही ठिकाणी उत्तर जाते, पण कोणाच्या तरी खासगी मोफत ईमेलवरून, कारण विभागाला अधिकृत पत्ताच मिळालेला नाही. पडताळणी कंपनी अशा उत्तराला उत्तर मानत नाही, आणि तिने मानू नये हेच योग्य. तसा पत्ता कोणीही दोन मिनिटांत काढू शकतो. विद्यापीठाच्या स्वतःच्या डोमेनवर या कामापुरता एक पत्ता, तो रोज उघडणारा एक नेमलेला माणूस, आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसरा. एवढ्याने पुष्कळ भागेल.

ऑनलाइन मार्ग तर केव्हाच आला आहे. परराष्ट्र मंत्रालयाची ई-सनद ही व्यवस्था मे 2017 मध्ये सुरू झाली. कागद हातात न फिरवता, संबंधित संस्थेकडून पडताळणी ऑनलाइन होऊन साक्षांकन मिळावे असा तिचा हेतू आहे. पदव्या डिजिलॉकरमधल्या राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात ठेवण्याची सोयही आहे. पण मागील वर्षांच्या पदव्या चढवलेल्याच नसतील, किंवा नावात टंकलेखनाच्या चुका असतील, तर या सोयींचा उपयोग काय? परदेशी जाणारा अभियंता बहुतेकदा ताजा पदवीधर नसतो. पाच-दहा वर्षे काम केलेला असतो. भांडारात पदव्या चढवताना आपण नव्या वर्षापासून सुरुवात करता आणि गरज असते ती मागच्या पंधरा वर्षांची.

एजंटांबद्दल आपली नाराजी मला माहीत आहे, आणि ती बरीचशी रास्त आहे. खिडकीवर पन्नास कागदांचा गठ्ठा घेऊन येणारा माणूस आपणाला नको असतो. पण तो येतो कारण मुलगा दुसऱ्या गावी नोकरीवर आहे आणि आपली खिडकी कामाच्या दिवशी दुपारी दोन तास उघडी असते. टपालाने अर्ज घ्या, शुल्क ऑनलाइन घ्या, कागद स्पीड पोस्टाने परत करा, म्हणजे गठ्ठे आपोआप कमी होतील. मूळ प्रमाणपत्र महिनोन् महिने एजंटाच्या कपाटात पडून राहणे हे विद्यार्थ्यासाठी सर्वांत धोक्याचे आहे. पैशाच्या वादात ते अडवून ठेवलेले मी पाहिले आहे.

आणि खोटे शिक्के मारून देणारेही याच बाजारात आहेत. ते ओळखायची एक साधी खूण आपल्या लिपिकांनाही सांगून ठेवा, कारण असे कागद कधीकधी फेरपडताळणीसाठी आपल्याकडेच येतात. पाठीवरच्या शिक्क्यांच्या तारखा क्रमाने वाढत गेल्या पाहिजेत : आधी विद्यापीठ, मग राज्य, मग मंत्रालय, मग दूतावास. राज्याची तारीख विद्यापीठाच्या आधीची असेल, किंवा विद्यापीठाचा शेराच नसताना वरचे सगळे शिक्के असतील, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. अशा वेळी आपल्या आवक नोंदवहीतला क्रमांक निर्णायक ठरतो. म्हणून पडताळणीच्या शेऱ्यात क्रमांक आणि तारीख हाताने का होईना पण लिहिलेच पाहिजे. नुसती सही आणि गोल शिक्का असलेला कागद पाच वर्षांनी आपणाला स्वतःलाही ओळखता येत नाही.

भाषांतराचा एक प्रश्न आपल्या खिडकीवर वारंवार येतो, तेव्हा तोही सांगतो. मुले विचारतात, अरबी भाषांतर आधी करून आणू का? शक्यतो नाही. भाषांतर लागले तर ते सगळे शिक्के झाल्यावर, बहुतेकदा त्या देशातल्या परवानाधारक भाषांतरकाराकडून होते, म्हणजे शिक्क्यांचेही भाषांतर त्यात येते. आधी केलेल्या भाषांतरात निम्मा कागद नसतो. 'आधी राजपत्रित अधिकाऱ्याची सत्यप्रत घेऊ का' यालाही उत्तर नाहीच. या रस्त्यावर तिला जागा नाही.

महोदय, माझी मागणी फार मोठ्या खर्चाची नाही. अर्जाच्या नमुन्यात शेवटच्या परीक्षेचा तपशील विचारा. सही करणारा अधिकारी बदलला की त्याच दिवशी नमुना सही राज्याकडे पाठवा, आणि एका अधिकाऱ्यावर अवलंबून न राहता किमान दोघांच्या सह्या तिथे असू द्या. पडताळणी प्रमाणपत्राच्या पाठीवर, क्रमांक आणि तारखेसह द्या. पडताळणी कंपन्यांच्या ईमेलला अधिकृत पत्त्यावरून उत्तर द्या, मग उत्तर 'नोंद आढळत नाही' असे असले तरी चालेल. आणि अर्ज स्वीकारल्यापासून किती दिवसांत पडताळणी मिळेल ते खिडकीवर लिहून लावा. पंधरा दिवस लागणार असतील तर पंधरा लिहा. मुलाला परदेशी कंपनीला तेवढेच सांगायचे असते, आणि निश्चित तारीख कळवली की बहुतेक कंपन्या थांबायला तयार असतात.

येत्या पदवीदान समारंभाच्या प्रमाणपत्रांची छपाई सुरू होण्यापूर्वी पाठीची जागा मोकळी ठेवण्याचा निर्णय झाला, तर बाकीच्या गोष्टींसाठी मी पुढच्या वर्षापर्यंत थांबेन.

आपला विश्वासू,
परदेशी भरतीच्या कागदपत्रांचे काम करणारा, आपल्याच एका विद्यापीठाचा पदवीधर